पाळी आली, पण बीज फुटलं का?

सकाळी पावणेआठ

सोनोग्राफीच्या खोलीबाहेरचा बाक भरलेला आहे. कराडच्या आसपासच्या गावांतून पहिल्या एसटीनं आलेल्या मुली, कुणाबरोबर नवरा, कुणाबरोबर सासूबाई. बीज वाढतंय का हे पाहण्याच्या सोनोग्राफ्या मी सकाळीच उरकते, म्हणजे नवऱ्यांना एमआयडीसीतला कामाचा दिवस बुडवावा लागत नाही. ही सोनोग्राफी योनीमार्गातून करायची असते आणि त्यासाठी मूत्राशय रिकामं लागतं. तरी निम्म्या जणी तांब्याभर पाणी पिऊन लघवी दाबून बसलेल्या असतात, कारण पोटावरून केलेल्या आधीच्या सोनोग्राफीला तसं सांगितलेलं असतं. नर्सताई एकेकीला आधी बाथरूमला पाठवतात.

पहिलीच मुलगी पडद्याकडे मान वळवून विचारते, "मॅडम, गाठी किती हायत? ऑपरेशन करून काढून टाकता येत्यात का?"

तिच्या हातातल्या जुन्या रिपोर्टवर 'दोन्ही बीजकोशांत अनेक सिस्ट' असं लिहिलंय. मी पडदा तिच्याकडे वळवते. बीजकोशाच्या कडेनं मोत्यांच्या सरासारखे ओळीनं लागलेले काळे गोल दिसतात, प्रत्येक पाच-सात मिलिमीटरचा. या काढून टाकायच्या गाठी नाहीत. प्रत्येक गोल म्हणजे एक फॉलिकल, पाण्यानं भरलेली इवलीशी पिशवी, आणि प्रत्येकीत एक स्त्रीबीज आहे. एका बीजकोशात अशी वीस किंवा त्याहून जास्त दिसली की आम्ही त्याला पॉलिसिस्टिक म्हणतो. या मुलीकडे बीजांचा तुटवडा नाही. ती सगळी अर्ध्यावर येऊन थांबली आहेत.

ती का थांबतात, हे मी प्रत्येक जोडप्याला कागदावर काढून दाखवते. त्याला वेळ जातो, पण पुढचे सहा महिने त्यावर उभे असतात.

निरोगी चक्रात दर महिन्याला फॉलिकलांचा एक गट वाढीला लागतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एफएसएच नावाचं हार्मोन येतं आणि त्यावर ती पोसली जातात. साधारण दहा मिलिमीटरच्या टप्प्यावर एक फॉलिकल पुढे निघतं आणि भरपूर इस्ट्रोजेन बनवू लागतं. इस्ट्रोजेन वाढलं की मेंदू एफएसएच कमी करतो, त्यामुळे बाकीची सुकून जातात. पुढे गेलेलं एकटं दिवसाला दोनेक मिलिमीटर वाढत अठरा ते चोवीसच्या घरात पोहोचतं. तेवढ्यात एलएच या दुसऱ्या हार्मोनची मोठी लाट येते आणि त्यानंतर साधारण दीड दिवसानं फॉलिकल फुटून बीज बाहेर पडतं. फुटलेल्या जागी पिवळसर ग्रंथी तयार होते, ती दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन देते. गर्भ राहिला नाही तर ती विझते आणि पाळी येते.

पीसीओएसमध्ये मेंदूकडून येणारे इशारे फार जलद पडतात. जलद इशाऱ्यांनी एलएच वाढतं आणि एफएसएच गरजेपेक्षा कमी राहतं. जास्तीच्या एलएचमुळे बीजकोश पुरुषी हार्मोन अधिक बनवतात, आणि रक्तात इन्शुलिन चढलेलं असेल तर त्याला आणखी जोर येतो. शिवाय ही थांबलेली छोटी फॉलिकलं स्वतः एएमएच नावाचा पदार्थ सोडतात, त्यानं आहे त्या एफएसएचचाही परिणाम बोथट होतो. म्हणून पाच ते आठ मिलिमीटरवर सगळी अडकतात, पुढे कुणीच निघत नाही. बीज फुटत नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. आणि मेंदूचे ते जलद इशारे संथ करायचं काम नेमकं प्रोजेस्टेरॉनच करतं. फेरा असा स्वतःला चालू ठेवतो.

शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली सात रुग्णांवरून या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा बीजकोशाचा एक तुकडा कापून काढल्यावर पाळी परत येते असं त्यांना आढळलं होतं. पुढे अनेक वर्षं ती शस्त्रक्रिया होत राहिली. पण कापलेल्या जागी आतडी आणि गर्भनलिका चिकटू लागल्या, म्हणजे बीज सुटलं तरी नळी अडलेली. आज त्याऐवजी गोळी आहे, हे मी त्या मुलीला सांगते. ऑपरेशनचा विषय संपल्यावर तिचा चेहरा सैल पडतो.

साडेनऊ

रेश्मा आली आहे (नाव बदललंय). वय सत्तावीस, लग्नाला तीन वर्षं, उंची १५४ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. पाळी पन्नास ते सत्तर दिवसांनी. हनुवटीवरचे केस ती पार्लरमध्ये काढून घेते. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ठीक, साखर ठीक, नवऱ्याची वीर्यतपासणी ठीक.

गेल्या चक्रात तिला पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम दिलं होतं. बाराव्या दिवशी सोनोग्राफीत सगळं होतं तिथंच. सोळाव्या दिवशीही सर्वांत मोठं फॉलिकल आठ मिलिमीटरचं. ती तेव्हा रडली होती, औषध लागू पडत नाही म्हणून. खरं तर पहिल्या मात्रेला उत्तर न मिळणं म्हणजे औषध फसणं नव्हे. मात्रा ५ करायची, तरीही नाही तर ७.५ पर्यंत जायचं.

या वेळी पाच मिलिग्रॅम. अकराव्या दिवशी उजव्या बाजूला चौदा मिलिमीटरचं एक फॉलिकल होतं, बाकीची सगळी दहाच्या खाली. आज तेरावा दिवस. मी दोन दिशांनी मोजते: अठरा आणि अठरा. गर्भाशयाचं अस्तर आठ मिलिमीटर, त्यात तीन रेषा स्पष्ट. चांगलं आहे, असं मी मोठ्यानं म्हणते, कारण पडद्याकडे बघणारी बाई डॉक्टरच्या गप्प बसण्याचा अर्थ वाईटच लावते.

तिचा नवरा दाराशी उभा राहून विचारतो, "आता फुटायचं इंजेक्शन देणार का?"

हे इंजेक्शन म्हणजे एचसीजी, ते एलएचच्या लाटेचं काम करतं. दरवेळी त्याची गरज नसते. फॉलिकल एवढं वाढलं की बहुतेकींच्या शरीरात लाट आपोआप येते, आणि इंजेक्शनानं गर्भ राहण्याची शक्यता फारशी वाढत नाही. त्यानं मिळते ती ठरलेली वेळ. आणि इथं वेळेचाच प्रश्न आहे, कारण परवापासून त्याची रात्रपाळी सुरू होतेय. म्हणून आज रात्री नऊ वाजता इंजेक्शन, म्हणजे परवा सकाळच्या सुमारास बीज फुटेल. आज आणि उद्या रात्री एकत्र या, असं मी दोघांना सांगते. शुक्रजंतू आत तीन ते पाच दिवस जगू शकतात, सुटलेलं बीज मात्र जेमतेम एक दिवस. त्यामुळे शुक्रजंतू आधी पोहोचून थांबलेले बरे. बीज फुटल्यावर संबंध ठेवू, असं म्हणणारी जोडपी बहुतेकदा उशीर करतात.

रेश्मा खाली बघून म्हणते, "सासूबाईंच्या खोलीला मधी नुसता पडदा हाय." यावर माझ्याकडे औषध नाही. नवरा हळूच म्हणतो, "आईला दोन दिवस ताईकडं सोडतो." मी मान डोलावते आणि कागदावर वेळा लिहून देते.

साडेअकरा

ओपीडीत नवीन जोडपं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका, तो बँकेत. फाइल जाड आहे, आणि त्या फाइलमध्ये दोन वर्षं वाया गेलेली आहेत.

पाळी अनियमित म्हणून तिला एकवीस गोळ्यांचं पाकीट सुरू झालं होतं. पाकीट संपलं की पाळी यायची, अगदी तारखेला. दोघांना वाटलं, शरीर सुधारलं, आता दिवस राहतील. ते दर महिन्याला वाट बघत राहिले. त्या गर्भनिरोधक गोळ्या होत्या. बीज फुटू न देणं हेच त्यांचं काम. पुरळ, केस, अस्तराचं रक्षण यासाठी पीसीओएसमध्ये त्या उत्तम आहेत, पण मूल हवं असलेल्या जोडप्याला त्या कशासाठी चालू आहेत हे कुणीतरी सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

रक्तस्राव होणं आणि बीज फुटणं या दोन वेगळ्या घटना आहेत. गोळी बंद केली की अस्तर निखळतं आणि पाळी येते. बीज न फुटताही इस्ट्रोजेनवर वाढत गेलेलं अस्तर अडीच-तीन महिन्यांनी आपल्या भारानं तुटतं, तीही पाळीच वाटते, फक्त जास्त दिवस आणि जास्त जोरात. म्हणून पाळी आली का एवढंच विचारून भागत नाही.

गोळ्या थांबवल्यावर तिनं मोबाइलवरचं ॲप वापरलं. ॲपनं चौदावा दिवस दाखवला. तिचं चक्र अठ्ठेचाळीस दिवसांचं! पाळीच्या आधी साधारण चौदा दिवस बीज फुटतं, पाळीनंतर नव्हे. म्हणजे त्या चक्रात फुटलंच असेल तर चौतिसाव्या दिवसाच्या आसपास. त्यांनी तेरावा-चौदावा-पंधरावा दिवस पाळला आणि पुढचे तीन आठवडे एकमेकांना थकव्यातून मोकळं सोडलं.

मग एकविसाव्या दिवशीची प्रोजेस्टेरॉनची तपासणी. आकडा ०.६. रिपोर्ट बघून त्यांना सांगण्यात आलं की बीज तयार होत नाही. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात एकविसावा दिवस बरोबर आहे, कारण तो पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी येतो. अठ्ठेचाळीसच्या चक्रात ती तपासणी एकेचाळिसाव्या दिवशी करायला हवी होती. या आकड्यावरून काहीच कळत नाही.

लघवीवर एलएच तपासायच्या पट्ट्याही तिनं आणल्या होत्या. चार वेगवेगळ्या दिवशी दोन्ही रेघा गडद. पीसीओएसमध्ये मुळातच एलएच चढलेलं असतं, त्यामुळे पट्टी खोटी आशा दाखवते.

आता मी त्यांना गणित मांडून दाखवते. पाळी वेळेवर येणाऱ्या बाईला वर्षात बारा-तेरा संधी मिळतात. दोघंही तरुण आणि निरोगी असतील तरी एका संधीत गर्भ राहण्याची शक्यता साधारण पाचात एक. हिला वर्षात सात पाळ्या येतात, त्यातल्या किती बीज फुटून आलेल्या हे ठाऊक नाही. समजा चार. म्हणजे दोन वर्षांत दुसऱ्या जोडप्याला पंचवीस संधी मिळाल्या असत्या, तर हिला आठ, आणि त्याही तारीख न सांगता आलेल्या. त्यातलाही बराच काळ गोळ्यांत गेला. पीसीओएस म्हणजे वांझपण, हे मी कुणालाही म्हणू देत नाही. संधी कमी आहेत आणि त्यांचा दिवस कळत नाही, एवढंच. उपचार सुरू होईपर्यंत तारखा सोडून द्या, दर दोन-तीन दिवसांनी एकत्र या, असं मी सांगते. ज्यांना एवढ्यात मूल नको, त्यांना मी याच कारणासाठी उलटं सांगते: पाळी लांबते म्हणून निर्धास्त राहू नका.

नवरा म्हणतो, "माझा तर काही प्रश्न नाही ना, मॅडम?" असेल किंवा नसेल, पण तपासल्याशिवाय मी हिला एकही गोळी देणार नाही. दोन ते सात दिवसांचा खंड ठेवून नमुना द्यायचा आणि घरून आणणार असाल तर तासाभरात लॅबमध्ये पोहोचवायचा. एका मिलिलिटरमागे किमान एक कोटी साठ लाख शुक्रजंतू हवेत. कमी निघाले तरी एका रिपोर्टवर निकाल नाही, पुन्हा तपासायचं, कारण नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात. तो गप्प होतो, मग विचारतो, उद्या सकाळी चालेल का. चालेल. तिच्यासाठी मी थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजची साखर-तपासणी लिहिते. दिवस गेल्यावर साखर वाढलेली सापडण्यापेक्षा आधी सापडलेली बरी. फॉलिक ॲसिड आजपासून.

दुपारी दोन

जेवण. मध्येच एका गावातून नवऱ्याचा फोन: "मॅडम, मेडिकलवाला म्हणतोय ही कॅन्सरची गोळी हाय."

हा फोन वेगवेगळ्या आवाजांत नेहमी येतो. लेट्रोझोल स्तनाच्या कर्करोगावर वापरतात हे खरं. ते इस्ट्रोजेन बनू देत नाही. पाच दिवस इस्ट्रोजेन कमी पडलं की मेंदू बीजकोशाला जागं करायला एफएसएच वाढवतो, आणि अडकलेलं एखादं फॉलिकल पुढे निघतं. गोळी थांबल्यावर काही दिवसांत औषध शरीरातून जातं, गर्भ रुजण्याच्या आधीच. बाळांमध्ये व्यंग येतं या भीतीनं भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी याच्या वापरावर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली, कारण नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तसं दिसलं नाही. २०१४ साली अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० जणींवर झालेल्या अभ्यासात जुन्या क्लोमिफीनवर शंभरात एकोणीस जणींना बाळ झालं, लेट्रोझोलवर सत्तावीस-अठ्ठावीस जणींना, पाच चक्रांपर्यंत. तेव्हापासून पहिली गोळी हीच. मी त्याला हे सगळं फोनवर सांगते. भाजी गार होते, पण आज सांगितलं नाही तर रात्री गोळी कचऱ्यात जाईल.

साडेचार

आजचं सर्वांत अवघड बोलणं. एकीला गोळ्यांनी उत्तर मिळालं नाही म्हणून एफएसएचची इंजेक्शनं सुरू आहेत. ती मी अगदी थोड्या मात्रेनं सुरू करते, तरी पीसीओएसचा बीजकोश कधी अजिबात हलत नाही आणि कधी सगळाच उसळतो. सकाळी तिच्यात सोळा-सतरा मिलिमीटरची चार फॉलिकलं दिसली. चारही फुटली तर तिळं, चौळं राहण्याचा धोका, आणि बीजकोश सुजून पोटात पाणी होण्याचाही. म्हणून एचसीजी द्यायचं नाही आणि या महिन्यात निरोधाशिवाय संबंध नाहीत.

तिला वाटतं चार म्हणजे चौपट बरं. सासूबाई म्हणतात, "जुळी झाली तर एकाच खर्चात भागंल की." मी जुळ्या गर्भारपणातला रक्तदाब, सातव्या महिन्यातली बाळंतपणं, नवजात अतिदक्षता विभागाचं बिल, हे सारं सांगते. आम्हाला एकच बीज हवं असतं. पैसे गेल्याचं दुःख खरं आहे, ते मी कमी करून सांगत नाही. पुढच्या चक्रात मात्रा आणखी खाली आणू.

सहा

एक आनंदाची भेट, थोडक्यात. चौऱ्याहत्तर किलोवरून अडुसष्टवर आलेली मुलगी. दुसरं काही औषध नाही, रात्रीचा भात कमी, संध्याकाळी चालणं. सत्तर दिवसांची पाळी छत्तिसावर आली. वजन पाच-दहा टक्के उतरलं की इन्शुलिन खाली येतं आणि बीजकोशावरचा जोर कमी होतो. पण सडपातळ मुलींनाही पीसीओएस असतो, आणि 'वजन कमी कर' हा सल्ला त्यांना देण्यात अर्थ नाही. जाड मुलींनाही तो सल्ला देऊन वर्षभर घरी पाठवणं मला पटत नाही, वय पस्तिशीकडे झुकलेलं असेल तर मुळीच नाही. एएमएचचा आकडा मोठा असला तरी तो बीजांची संख्या सांगतो, त्यांचं वय नव्हे.

रात्री नऊ

रेश्माला इंजेक्शन दिलं. नवरा मोटारसायकलवर घेऊन आला होता. केसपेपरवर पुढचं लिहिते. बाविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन. तीनच्या वर आलं तर बीज नक्की फुटलं. घरी लघवीची तपासणी तिसाव्या दिवसाच्या आधी करायची नाही, कारण आजच्या एचसीजीमुळे लवकर केलेली चाचणी खोटी रेघ दाखवू शकते. पाळी आलीच तर तिसऱ्या दिवसापासून पुन्हा पाच मिलिग्रॅम, मात्रा वाढवायची नाही, कारण या मात्रेनं काम केलं आहे. बीज फुटून तीन चक्रं गेली आणि दिवस राहिले नाहीत, तर गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे एक्स-रेनं पाहायचं. सहा चक्रांनंतर इंजेक्शनं किंवा दुर्बिणीतून बीजकोशाला टोचे देणं, आणि त्याच्याही पुढे टेस्ट ट्यूब.

जाताना ती विचारते, "मॅडम, या महिन्यात राहील ना?"

"पाचात एक," मी सांगते. "आधी तेवढंही नव्हतं. बाविसाव्या दिवशी रक्त द्यायला ये, सकाळी. त्यासाठी उपाशी यायची गरज नाही."